कागद आधी, पोर्टल नंतर

ग्राहक तक्रार कशी करावी हे समजावून सांगणारे मराठी व्हिडिओ आता पुष्कळ आहेत आणि त्यांची रचना बहुतेक एकसारखी असते. सुरुवातीला ग्राहक संरक्षण कायद्याची ओळख होते. मग जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तीन आयोगांची माहिती येते. त्यानंतर पोर्टलवर खातं कसं उघडायचं, कुठलं बटण दाबायचं, फाइल कशी अपलोड करायची हे दाखवलं जातं. शेवटच्या अर्ध्या मिनिटात पडद्यावर कागदपत्रांची यादी झळकते: बिल, वॉरंटी कार्ड, आधार कार्ड, नोटीस, प्रतिज्ञापत्र आणि इतर पुरावे.

यातलं काहीच चुकीचं नसतं. तरीही असा व्हिडिओ पाहून तक्रार करायला निघालेल्या माणसाला जे कळायला हवं ते कळलेलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. तक्रार टिकणार की नाही हे पोर्टलवर ठरत नाही. ते त्याच्या कितीतरी आधी, दुकानाच्या काउंटरवर आणि घरी आलेल्या तंत्रज्ञाच्या जॉबशीटवर ठरून गेलेलं असतं. ग्राहक मार्गदर्शन केंद्रात बसणाऱ्या आमच्यासारख्यांना हे रोज दिसतं. माणसं येतात ती खरी व्यथा घेऊन, पण व्यथेचा कागद हातात नसतो, आणि तो मिळण्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणून व्हिडिओतलं नमुना उदाहरण खरेदीच्या दिवशी सुरू व्हायला हवं आणि यादी त्या उदाहरणाच्या सोबतीने, एकेक ओळ करत पडद्यावर यायला हवी.

हा आग्रह कायद्याच्या रचनेतूनच येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ नुसार जिल्हा आयोग तक्रारीची सुनावणी प्रतिज्ञापत्र आणि कागदोपत्री पुराव्यावर करतो. सिनेमात दिसतो तसा साक्षीदारांचा पिंजरा, उलटतपासणी, भर कोर्टात उघड होणारं सत्य असं इथे सहसा काही घडत नाही. सदस्य फाइल वाचतात, दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकतात आणि निकाल देतात. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. म्हणजे फाइलमध्ये जे नाही ते आयोगासमोर घडलेलंच नाही, असं धरून चालावं.

मग यादीतल्या सगळ्या कागदांना सारखंच वजन देणं कितपत बरोबर? माझ्या मते या कागदांचे दोन गट करावे लागतात. पहिला गट नंतरही मिळणाऱ्या कागदांचा. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, प्रतिज्ञापत्र, पानांवर क्रमांक टाकलेली अनुक्रमणिका, तारखांचा तक्ता हे त्यातले. यातलं काही राहिलं तर कार्यालय त्रुटी काढतं, तुम्ही ती दूर करता आणि तक्रार पुढे सरकते. दुसरा गट नंतर न मिळणाऱ्या कागदांचा. तंत्रज्ञाने त्या दिवशी काय पाहिलं, कंपनीला बिघाड कधी कळवला, दुकानदाराने विकताना काय सांगितलं, यांची नोंद त्या त्या दिवशी झाली तर झाली. सहा महिन्यांनी ती तयार करता येत नाही. नेहमीच्या यादीत पहिल्या गटातल्या कागदांची नावं ठळक येतात आणि दुसरा गट ‘इतर पुरावे’ या दोन शब्दांत आटोपतो. निकाल मात्र बहुतेक वेळा त्या दोन शब्दांवर लागतो.

हे नमुना उदाहरणातून कसं दाखवता येईल ते एका फ्रिजवर पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक टप्पा आमच्या केंद्रात येणाऱ्या प्रकरणांत पुन्हा पुन्हा दिसतो.

साताऱ्यात राहणाऱ्या एक शिक्षिका ९ एप्रिल २०२४ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, पुण्यातल्या दुकानातून ३८,५०० रुपयांचा डबल डोअर फ्रिज घेतात. संपूर्ण फ्रिजवर एक वर्षाची वॉरंटी आहे आणि कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची. दुकानात मोबाइल नंबर पतीचा दिला जातो, म्हणून बिलही त्यांच्या नावावर निघतं.

इथे व्हिडिओने थांबावं आणि यादीची पहिली ओळ पडद्यावर आणावी: बिल. पण नुसतं ‘बिल’ म्हणून भागत नाही. ते कशासाठी लागतं हे शेजारी लिहिलेलं हवं. बिलाने तीन गोष्टी सिद्ध होतात: वस्तू कोणी घेतली, कोणाकडून घेतली आणि किती पैसे मोजले. तिसरी गोष्ट कुठल्या आयोगाकडे जायचं ते ठरवते. नव्या कायद्यात ही हद्द मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, मोजलेल्या किमतीवर ठरते. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय आयोग. फ्रिजचं प्रकरण अर्थातच जिल्हा आयोगाचं. किंमत ५ लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्कही नाही. फ्रिज पुण्यात घेतला असला तरी तक्रार साताऱ्यात करता येते, कारण तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो तिथेही ती दाखल करण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिली. १९८६ च्या कायद्यात ती नव्हती.

बिल पतीच्या नावावर आहे, ही अडचण जवळून दाखवण्यासारखी आहे. पुढे दुरुस्तीसाठी फोन करणार त्या शिक्षिका, मेसेज जाणार त्यांच्या नंबरवरून, आणि तक्रार फक्त त्यांच्याच नावाने केली तर समोरचा वकील पहिल्याच परिच्छेदात लिहिणार की यांनी आमच्याकडून काही घेतलेलंच नाही. कायद्याच्या व्याख्येत खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो, त्यामुळे उत्तर आहे. पण सोपा उपाय म्हणजे पती-पत्नी दोघांनी मिळून तक्रारदार व्हावं. याच जागी आणखी एक सूचना द्यावी. बिलावर दुकानाचं किंवा फर्मचं नाव आणि जीएसटी क्रमांक घालून घेतला असेल, तर खरेदी व्यापारी कारणासाठी होती असा आक्षेप येतो. चार पैशांचा कर वाचवण्यासाठी घरच्या वस्तूचं बिल फर्मच्या नावावर करणारे लोक इथे अडकतात. आणि बिल थर्मल कागदावर असेल तर वर्षभरात अक्षरं उडतात, म्हणून घरी आल्याबरोबर त्याची झेरॉक्स काढावी आणि फ्रिजच्या मागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर दिसेल असा फोटो घ्यावा. बिलावरचा आणि यंत्रावरचा नंबर जुळतो, हा पुरावा बिघाड होण्याआधीच तयार झालेला असला की पुढे वाद राहत नाही.

आता गोष्ट पुढे सरकते. २० नोव्हेंबर २०२४ ला फ्रिज थंड करेनासा होतो. कंपनीच्या नंबरवर फोन केल्यावर तंत्रज्ञ येतो, गॅस भरतो, फ्रिज सुरू होतो. ६ जानेवारी २०२५ ला पुन्हा तेच. २४ फेब्रुवारीला तिसऱ्यांदा. या वेळी तंत्रज्ञ तोंडी सांगतो की आतल्या नळीत गळती आहे, ती फोममध्ये असल्याने दुरुस्त होण्यासारखी नाही, फ्रिजच बदलून मागा. मग तो म्हणतो, “मॅडम, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला असेल, तो सांगा म्हणजे मला कॉल बंद करता येईल.” त्या ओटीपी सांगतात. काही मिनिटांत जॉबशीटची लिंक येते. त्यावर लिहिलेलं असतं: ‘गॅस चार्जिंग डन, कूलिंग ओके, कस्टमर सॅटिस्फाइड.’

सगळ्या व्हिडिओत हा क्षण सर्वांत जास्त वेळ देण्यासारखा आहे. ओटीपी म्हणजे ग्राहकाची सहीच. जॉबशीट न वाचता तो दिला, की तक्रार निवारण झालं आणि आपण समाधानी आहोत, असं ग्राहकाने स्वतः मान्य केल्याची नोंद कंपनीच्या संगणकात होते. पुढे आयोगासमोर कंपनी याच तिन्ही जॉबशीट आपल्या बाजूचा पुरावा म्हणून लावते: प्रत्येक वेळी सेवा दिली, प्रत्येक वेळी ग्राहक समाधानी होता, मग त्रुटी कुठे आहे? तंत्रज्ञ तोंडी जे बोलला त्याचा मागमूसही उरत नाही. तो माणूस वाईट नसतो. दिवसभरात ठरावीक कॉल बंद केल्याशिवाय त्याचं भागत नाही. पण त्याच्या घाईची किंमत ग्राहकाला मोजावी लागते.

मग काय करायचं? ओटीपी देण्याआधी जॉबशीट दाखवायला सांगायची. ‘गळतीची शंका, तिसऱ्यांदा गॅस भरला’ एवढं तरी त्यात लिहायला सांगायचं. तंत्रज्ञ नाही म्हणाला किंवा ओटीपी आधीच देऊन झाला असला, तरी सगळं संपलेलं नसतं. त्याच संध्याकाळी कंपनीच्या ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर चार ओळी पाठवायच्या. व्हिडिओत त्या अक्षरशः टाइप होताना दाखवाव्यात:

“तक्रार क्रमांक (जॉबशीटवरचा). तुमचे तंत्रज्ञ आज २४ फेब्रुवारीला दुपारी येऊन गेले. नोव्हेंबरपासून तिसऱ्यांदा गॅस भरला आहे. आतल्या नळीत गळती असून ती दुरुस्त होणार नाही असं त्यांनी तोंडी सांगितलं, पण जॉबशीटवर लिहिलं नाही. जॉबशीटवरचा समाधानी हा शेरा मला मान्य नाही. फ्रिज बदलून मिळावा. कृपया लेखी उत्तर द्यावं.”

या संदेशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. हे ग्राहकाने स्वतः लिहिलेलं आहे, त्यामुळे तेवढ्याने गळती सिद्ध होत नाही. पण ते भांडण सुरू होण्याआधी, त्याच दिवशी लिहिलेलं आहे आणि कंपनीने त्याला उत्तर दिलेलं नाही किंवा ते नाकारलेलं नाही, या दोन गोष्टींना वजन असतं. तारीख, वेळ आणि समोरचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट, आणि जॉबशीटच्या लिंकवरून उतरवून ठेवलेली पीडीएफ, दोन्ही जपून ठेवायची. लिंकवर विसंबून राहू नये, कारण ती काही काळाने उघडेनाशी होऊ शकते.

याच टप्प्यावर व्हिडिओने दाखवायला हवं की साध्या कागदांतून युक्तिवाद कसा उभा राहतो. कंपनीच्या जॉबशीटवर ‘समाधानी’ असा शेरा आहे हे खरं, पण साधारण तीन महिन्यांत तीनदा ‘गॅस चार्जिंग’ हेही तिथेच लिहिलेलं आहे. फ्रिजमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो तीनदा भरावा लागला याचा अर्थ तो कुठूनतरी बाहेर जात होता. गळती शोधून बंद न करता नुसता गॅस भरत राहणं ही दुरुस्ती झाली नाही. म्हणजे ज्या तीन जॉबशीट कंपनी आपल्या बचावासाठी आणणार, त्याच एकत्र वाचल्या की दोष वॉरंटीच्या काळातला असून तो कायम राहिला, हे सांगू लागतात. एकेक सुटी जॉबशीट कंपनीच्या बाजूने बोलते, तिन्ही तारखांच्या क्रमाने लावल्या की ग्राहकाच्या बाजूने. तारखांचा तक्ता करायचा तो यासाठी. तो करा एवढंच बहुतेक व्हिडिओ सांगतात, पण त्याने काय साधतं हे उदाहरणाशिवाय कळत नाही.

गोष्टीचं शेवटचं वळण २२ एप्रिल २०२५ चं. फ्रिज चौथ्यांदा बंद पडतो. आता कंपनी म्हणते की वॉरंटी ८ एप्रिलला संपली, कॉम्प्रेसर ठीक आहे, नळीच्या कामाचे ७,२०० रुपये पडतील. इथे बहुतेक लोक दोनपैकी एक करतात: मुकाट्याने पैसे भरतात, किंवा चिडून फोनवर भांडतात. दोन्हींतून कागद निर्माण होत नाही. हवं असतं ते लेखी नकारपत्र किंवा ७,२०० रुपयांचं लेखी एस्टिमेट. ते मिळालं की ‘वॉरंटीत कळवलेला दोष दुरुस्त न करता वॉरंटी संपल्यावर त्याच दोषाचे पैसे मागितले’ हे वाक्य तक्रारीत पुराव्यासह लिहिता येतं. शेवटच्या बिघाडाच्या वेळी फ्रिजमध्ये काही तास साधा थर्मामीटर ठेवून, आकडा आणि तारीख दिसेल असा फोटो घ्यावा. खालच्या कप्प्यात साधारण ३ ते ५ अंश असायला हवं तिथे १७ अंश दिसत असतील, तर ‘थंड होत नाही’ या तक्रारीला आकडा मिळतो.

मग येते नोटीस. कायद्याने ती बंधनकारक नाही, तरी पाठवावी. तिच्यात खरेदी, तीन जॉबशीट, नकार आणि मागणी एवढंच यावं, आणि उत्तरासाठी १५ दिवस द्यावेत. ती दुकानदारालाही पाठवावी आणि कंपनीलाही, कारण एकट्या दुकानदारावर तक्रार केली तर तो ‘आम्ही फक्त विक्रेते’ म्हणतो आणि एकट्या कंपनीवर केली तर ती विक्रीच्या वेळच्या आश्वासनाबद्दल हात वर करते. ती स्पीड पोस्टने पाठवून पावती आणि पोहोचल्याचा ट्रॅकिंगचा प्रिंट जोडावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही नोंद करावी. पुष्कळ प्रकरणं तिथे समजुतीने मिटतात. पण हेल्पलाइन निकाल देत नाही, आणि तिथे तक्रार पडून आहे म्हणून मुदतीचं घड्याळ थांबत नाही. हे व्हिडिओत ठळक सांगितलं पाहिजे. कलम ६९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावं लागतं. या उदाहरणात समोरचा वकील ती दोन वर्षं पहिल्या बिघाडापासून, म्हणजे २० नोव्हेंबर २०२४ पासून मोजणार. आपण शेवटच्या नकारापासून मोजू शकू की नाही, हा वाद करण्यापेक्षा पहिल्याच तारखेपासून मोजून मुदतीत राहावं.

मागणी लिहिण्यातही उदाहरण कामी येतं. फ्रिज बदलून द्यावा किंवा ३८,५०० रुपये व्याजासह परत करावेत, मानसिक त्रासापोटी १०,००० आणि तक्रारीच्या खर्चापोटी ५,००० रुपये द्यावेत, अशी मागणी फाइलशी जुळते. त्याऐवजी पाच लाखांची भरपाई मागितली तर आयोगाचा वाचणारा डोळा पहिल्यापासून सावध होतो, आणि त्या आकड्याला आधार देणारा एकही कागद आपल्याजवळ नसतो.

एवढं झाल्यावर पोर्टल दाखवावं, आणि ते थोडक्यात. याला एक व्यावहारिक कारण आहे. ऑनलाइन तक्रारीसाठी सप्टेंबर २०२० मध्ये ई-दाखिल आलं. १ जानेवारी २०२५ ला ई-जागृती सुरू झालं आणि ई-दाखिलच्या पडद्यावरची बटणं दाखवणारे व्हिडिओ जुने झाले. आयोगांच्या रकमेच्या हद्दीही बदलत आल्या. जुलै २०२० पर्यंत जिल्ह्याची हद्द २० लाख होती, मग ती १ कोटी झाली आणि डिसेंबर २०२१ च्या अखेरीस ५० लाखांवर आणली गेली. मधल्या काळात केलेला व्हिडिओ आजही ‘१ कोटी’ सांगतो आणि बघणाऱ्याला ते चुकीचं आहे हे कळायचा मार्ग नसतो. म्हणून अशा व्हिडिओच्या कोपऱ्यात तो केव्हाचा आहे ती तारीख कायम दिसायला हवी. जॉबशीट वाचूनच ओटीपी द्यावा हा सल्ला मात्र पोर्टल कितीदाही बदललं तरी जुना होणार नाही. ज्या भागाला जास्त आयुष्य आहे त्याला जास्त मिनिटं द्यावीत.

दाखल केल्यानंतर काय होतं तेही खरं खरं सांगावं. दाखल करून घ्यायची की नाही हे आयोगाने साधारणपणे २१ दिवसांत ठरवायचं असतं. मग समोरच्याला नोटीस जाते. उत्तरासाठी त्याला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ही ४५ दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० ला सांगितलं आहे. म्हणून समोरच्याला आयोगाची नोटीस आणि तक्रारीची प्रत कधी मिळाली याच्या पोचेवर तक्रारदाराने स्वतः नजर ठेवावी. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि ते शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं. आपल्या उदाहरणात तीन जॉबशीट असल्याने त्याची गरज पडू नये असा युक्तिवाद करता येतो, पण आयोग तो मान्य करेलच अशी हमी कोणी देऊ नये. कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिले आहेत आणि तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात अनेकदा याहून कितीतरी जास्त वेळ जातो. ‘तीन महिन्यांत न्याय’ असं सांगणारा व्हिडिओ ग्राहकाला चौथ्या महिन्यात निराश करतो, आणि निराश झालेला तक्रारदार तारखेला गैरहजर राहू लागतो.

आता यादीबद्दल. दहा-बारा ओळींची यादी मोबाइलच्या पडद्यावर पाच सेकंद दाखवणं म्हणजे ती न दाखवण्यासारखंच आहे. माझी सूचना अशी की यादी पडद्याच्या एका बाजूला सुरुवातीपासून राहावी आणि गोष्टीत तो दिवस उगवला की तिची ओळ उमटावी. निवेदकाने ती वाचूनही दाखवावी, कारण पाहणाऱ्या प्रत्येकाला बारीक अक्षर वाचता येईलच असं नाही. शेवटी सगळ्या ओळी एका स्थिर चित्रात, स्क्रीनशॉट घेता येईल इतका वेळ थांबाव्यात. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: कागद, त्याने काय सिद्ध होतं, आणि तो नसेल तर काय करायचं. फ्रिजच्या उदाहरणात नंतर न मिळणाऱ्या कागदांचं चित्र असं दिसेल:

बिल आणि सीरियल नंबरचा फोटो. कोणी, कोणाकडून, केवढ्याला घेतलं. नसेल तर कार्ड किंवा यूपीआयने दिलेल्या पैशांची बँकेतली नोंद आणि दुकानाकडून बिलाची दुसरी प्रत.

प्रत्येक भेटीची जॉबशीट. बिघाड वॉरंटीत कळवला आणि पुन्हा पुन्हा झाला. नसेल तर तक्रार क्रमांकाचे एसएमएस, आणि कंपनीकडे सर्व्हिस हिस्ट्रीची लेखी मागणी.

भेटीच्या दिवशीचा संदेश. जॉबशीटवर जे लिहिलं गेलं नाही ते. राहून गेला असेल तर आज पाठवावा आणि आजचीच तारीख घालावी. मागची तारीख कधीही घालू नये.

लेखी नकार किंवा एस्टिमेट. कंपनीने काय नाकारलं आणि कधी. मिळत नसेल तर नोटिशीत तसं लिहून उत्तर मागावं.

वॉरंटी कार्ड, नोटिशीची पोच, ओळखपत्र, प्रतिज्ञापत्र वगैरे दुसऱ्या चित्रात येऊ द्यावेत. तेही लागतात, पण ते राहिले म्हणून प्रकरण हातचं जात नाही. हा फरक बघणाऱ्याच्या डोळ्यांना दिसला पाहिजे.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की लोकांना दोन मिनिटांचं काहीतरी हवं असतं, एवढं कोण बघणार? माझं म्हणणं असं की असा व्हिडिओ करमणुकीसाठी कोणी लावत नाही. लावणाऱ्याचा फ्रिज बंद पडलेला असतो, विमा कंपनीने त्याचा दावा नाकारलेला असतो, क्लासची फी अडकलेली असते. त्याला आठ-दहा मिनिटं जास्त वाटत नाहीत. त्याला खटकतं ते हे, की सगळं पाहूनही आता काय करायचं हे त्याला कळलेलं नसतं. ज्यांना खरंच दोन मिनिटांचा हवा त्यांच्यासाठी फक्त ओटीपीचा प्रसंग वेगळा काढून द्यावा.

दुसरा आक्षेप: इतक्या अडचणी आणि समोरच्या वकिलाचे इतके मुद्दे दाखवले तर लोक घाबरून तक्रारच करणार नाहीत. ही भीती प्रामाणिक आहे. पण माणूस घाबरतो तो अनपेक्षित काही समोर आलं की. ‘ग्राहक समाधानी होता’ हे वाक्य पहिल्यांदा कंपनीच्या लेखी उत्तरात वाचणारा माणूस हादरतो. ज्याने ते आधीच व्हिडिओत पाहिलं आहे आणि त्याचं उत्तर तारखांच्या तक्त्यात मांडलेलं आहे, तो शांतपणे पुढचं पान उलटतो.

तिसरा आक्षेप असा, की हे सगळं वकील बघून घेईल. जिल्हा आयोगापुढे ग्राहक स्वतः तक्रार मांडू शकतो, वकील लावलाच पाहिजे असं नाही. लावला तरी वकील युक्तिवाद करतो तो तुमच्या फाइलवर. २४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी न पाठवलेला संदेश कितीही नामवंत वकील पुढे निर्माण करू शकत नाही.

मुंबई ग्राहक पंचायत आणि अखिल भारतीय ग्राहक पंचायत या दोन्ही चळवळी महाराष्ट्रात १९७० च्या दशकात उभ्या राहिल्या, म्हणजे १९८६ चा कायदा येण्याच्याही आधी. तेव्हा कायद्याचं बळ नव्हतं, त्यामुळे संघटित ग्राहकाची सावध खरेदी हेच शस्त्र होतं. आज कायदा आहे, आयोग आहेत, घरबसल्या तक्रार दाखल करायची सोय आहे, आणि तरीही ती सावधगिरी तितकीच लागते, कारण सगळी यंत्रणा अखेर ग्राहकाने जपलेल्या कागदावर चालते. अशा संस्था, जिल्हा आयोगांची कार्यालयं, महाविद्यालयांतले ग्राहक मंच जेव्हा असे व्हिडिओ करतात, तेव्हा त्यांच्याकडून माझी एकच मागणी आहे. प्रसारित करण्याआधी तो व्हिडिओ पाच-सहा साध्या माणसांना दाखवावा आणि नंतर एवढंच विचारावं: “उद्या घरी तंत्रज्ञ आला आणि त्याने ओटीपी मागितला, तर तुम्ही काय कराल?” उत्तरात पोर्टलचं नाव आलं तर व्हिडिओ पुन्हा जुळवायला घ्यावा. “आधी जॉबशीट वाचेन, शंका लिहायला लावेन, आणि नाही लिहिली तर संध्याकाळी मेसेज करेन” असं उत्तर आलं, तर तो व्हिडिओ प्रसारित करायला हरकत नाही.